‘म्हणे’ कुठे लावायचं?

नववीच्या वर्गात इंग्रजी कथा शिकवताना मला एक प्रश्न दर वर्षी ऐकू येतो. कथेचा शेवट वाचून होतो, दोन-चार मुलं हसतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी दबक्या आवाजात विचारतं, “सर, ही गोष्ट खोटी होती की मला इंग्रजी समजलं नाही?”

परकी भाषा वाचताना मूल आधी स्वतःवर संशय घेतं. मराठी गोष्टीत कोणी थाप मारली तर त्याला लगेच वास येतो. इंग्रजीत तोच वास आला तर त्याला वाटतं, एखादा शब्द हुकला असणार, काळ चुकला असणार. कलाटणीची कथा, म्हणजे शेवटच्या ओळींत सगळं उलटं करणारी कथा, त्यामुळे अशा मुलांना दुप्पट अवघड जाते. शब्द समजतात, पण कोणावर विश्वास ठेवायचा ते समजत नाही.

या प्रकरणात एकच कथा घेऊ आणि तिच्यातून हा विश्वासाचा हिशेब कसा करायचा ते पाहू. कथा आहे साकी या लेखकाची ‘द ओपन विंडो’. ती 1914 साली त्याच्या कथासंग्रहात आली. जेमतेम तीन-चार पानांची आहे, आणि तिच्यातली मुख्य मुलगी पंधरा वर्षांची, म्हणजे आपल्या वाचकांच्याच वयाची आहे.

1. आधी गोष्ट

फ्रॅम्टन नटल नावाचा गृहस्थ मनाच्या आजारातून बरा होण्यासाठी खेडेगावात येतो. डॉक्टरांनी त्याला शांतता सांगितली आहे. त्याची बहीण चार वर्षांपूर्वी याच गावात राहिली होती. तिनं ओळखीच्या लोकांच्या नावे त्याला चिठ्ठ्या दिल्या आहेत. त्यांतली एक घेऊन तो मिसेस सॅपल्टन यांच्या घरी जातो. बाई वरच्या मजल्यावरून खाली यायच्या आहेत, म्हणून तोवर त्यांची भाची व्हेरा पाहुण्यापाशी बसते.

व्हेरा आधी सहज दोन प्रश्न विचारते. इथं तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? माझ्या मावशीबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का? फ्रॅम्टन सांगतो की बहीण चार वर्षांपूर्वी इथं होती, आणि त्याला स्वतःला बाईंचं नाव आणि पत्ता यापलीकडे काही ठाऊक नाही. मग व्हेरा उघड्या खिडकीकडे बोट दाखवते. ऑक्टोबरात ही खिडकी उघडी का, याचं नवल वाटलं असेल ना?

इथं आपल्या मुलांसाठी थांबावं लागतं. मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर खिडकी म्हणजे गज लावलेली, कठड्याएवढ्या उंचीवरची. ही तशी नाही. जमिनीपर्यंत उतरणारी, काचेच्या दारासारखी, थेट हिरवळीवर उघडणारी खिडकी आहे. तिच्यातून माणूस सहज ये-जा करतो. हे सांगितलं नाही तर मुलांना तीन पुरुष खिडकीतून का आत येतात ते कळत नाही, आणि मग सगळंच हास्यास्पद वाटतं.

व्हेरा सांगते की तीन वर्षांपूर्वी, आजच्याच दिवशी, मावशीचा नवरा आणि दोन धाकटे भाऊ याच खिडकीतून शिकारीला गेले. पाणथळीतले लहान पक्षी मारायला. दलदलीनं त्यांना गिळलं. प्रेतंसुद्धा सापडली नाहीत. मावशीला अजून वाटतं की ते परत येतील, म्हणून रोज संध्याकाळ होईपर्यंत ती खिडकी उघडी ठेवते. नवऱ्याच्या हातावर पांढरा रेनकोट होता, बरोबर तपकिरी स्पॅनियल कुत्रा होता, आणि धाकटा भाऊ बहिणीला चिडवायला नेहमीचं एक गाणं म्हणायचा. एवढं सांगून ती जराशी शहारते.

मग मिसेस सॅपल्टन येतात आणि हसत सांगतात की नवरा आणि भाऊ आता शिकारीहून येतील, चिखलाच्या पायांनी गालिचा खराब करतील. फ्रॅम्टनला हे भयंकर वाटतं. तो विषय बदलण्यासाठी आपल्या आजाराबद्दल बोलू लागतो. तेवढ्यात बाईंची नजर खिडकीकडे वळते, त्यांचा चेहरा उजळतो. फ्रॅम्टन व्हेराकडे पाहतो, तर तिच्या डोळ्यांत भीती. तो वळून बघतो. धूसर उजेडात तीन माणसं हिरवळीवरून येत आहेत, हातांत बंदुका, एकाच्या खांद्यावर पांढरा कोट, मागे दमलेला कुत्रा. आणि एक घोगरा आवाज गाणं म्हणतो आहे.

फ्रॅम्टन काठी आणि टोपी घेऊन धूम ठोकतो. रस्त्यावरच्या एका सायकलवाल्याला त्याच्यापासून वाचण्यासाठी कुंपणात घुसावं लागतं.

तीन माणसं आत येतात, चिखलानं माखलेली, पण चांगली जिवंत. मिसेस सॅपल्टन म्हणतात, विचित्र माणूस, निरोपही न घेता पळाला. व्हेरा शांतपणे सांगते, कुत्र्यामुळे असेल. त्याला एकदा गंगेच्या काठी भटक्या कुत्र्यांच्या टोळीनं कबरस्तानात पिटाळलं होतं. नुकत्याच खणलेल्या कबरीत त्याला रात्र काढावी लागली होती. शेवटी लेखक एका वाक्यात सांगून टाकतो की ऐन वेळी गोष्टी रचणं यात ही मुलगी पटाईत होती.

2. ‘म्हणे’ची चाचणी

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे. मराठीत आपल्याकडे एक फार उपयोगी शब्द आहे, ‘म्हणे’. “त्यांच्या घरी चोरी झाली म्हणे.” या एका शब्दानं सांगणारा हात झटकतो. चोरी झाली असं मी पाहिलेलं नाही, कोणीतरी सांगितलं, मी पुढे सांगतो आहे, एवढं सगळं त्यात येतं. इंग्रजीत इतका लहान, रोजच्या बोलण्यातला आणि वाक्याला कुठेही चिकटणारा शब्द नाही. तिथं हे काम बहुतेक वेळा अवतरणचिन्हं करतात, आणि अवतरणचिन्हं वाचताना डोळ्यांवरून सटकून जातात.

म्हणून मी मुलांना सांगतो की कथेतलं प्रत्येक महत्त्वाचं विधान मराठीत करा आणि शेवटी ‘म्हणे’ लावून बघा. लेखकानं स्वतः सांगितलेल्या गोष्टीला ‘म्हणे’ बसत नाही. पात्रानं सांगितलेल्या गोष्टीला तो अचूक बसतो.

“फ्रॅम्टन घरी आला म्हणे.” बसत नाही. लेखक आपल्या डोळ्यांसमोर त्याला आणतो आहे. “बहीण चार वर्षांपूर्वी गावात राहिली म्हणे.” बसतो, कारण हे फ्रॅम्टन सांगतो. पण खोटं बोलायला त्याला काही कारण नाही. “नवरा दलदलीत बुडाला म्हणे.” बसतो. आणि इथं कारण विचारावंच लागतं, कारण या एका विधानावर सगळी कथा उभी आहे.

चाचणी लावली की मुलांना कळतं की त्यांचं इंग्रजी चुकलेलं नव्हतं. दलदलीचं सगळं त्यांना बरोबर समजलं होतं. चुकलं ते एवढंच की व्हेराचं वाक्य त्यांनी लेखकाचं वाक्य म्हणून मनात नोंदवलं.

3. थाप नेमकी किती?

पुढचा प्रश्न मी वर्गाला फळ्यावर करायला देतो. व्हेराच्या गोष्टीतले तपशील एकाखाली एक लिहा आणि शेवट वाचून झाल्यावर खरे-खोटे ठरवा.

नवरा शिकारीला गेला. खरं. दोन धाकटे भाऊ बरोबर होते. खरं. याच खिडकीतून गेले. खरं. पांढरा कोट, तपकिरी कुत्रा, गाणं. तिन्ही खरी. मावशी वाट पाहते आहे. तेही खरं, कोणीही बाई पाहील तशी. खोट्या निघतात त्या मोजक्या गोष्टी. एक म्हणजे ‘तीन वर्षांपूर्वी’, दुसरी दलदलीतला मृत्यू, आणि त्यांना चिकटून आलेला मावशीचा भ्रम. ते लोक आजच गेले होते.

म्हणजे व्हेरानं आजचं दृश्य उचललं आणि तीन वर्षं मागे नेऊन ठेवलं. म्हणून तर तिचा प्रत्येक तपशील नंतर खिडकीतून चालत आत येतो. कोट बघून फ्रॅम्टनचा गैरसमज फिटायला हवा होता. उलट तो आणखी घट्ट होतो, कारण खरे तपशील खोट्याची साक्ष देतात. दुधात पाणी घालणारा पाणीच विकत नाही. दूध बहुतेक खरंच असतं, म्हणून पाणी खपतं.

आणि हे ‘तीन’ कुठून आलं? एका मुलीनं हे वर्गात पकडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. फ्रॅम्टननं आधीच सांगितलं होतं की बहीण चार वर्षांपूर्वी इथं होती. बहिणीला माहीत असेल अशी दुर्घटना व्हेरानं सांगितली असती तर तो म्हणाला असता, बहीण तर काही बोलली नाही. म्हणून ती दुर्घटना बहीण निघून गेल्यानंतर ठेवते, आणि हे तुमच्या बहिणीच्या काळानंतरचं, असं सांगूनही टाकते. सुरुवातीचे ते दोन साधे प्रश्न पाहुणचाराचे नव्हतेच. ती थापेसाठी मोकळी जागा मोजत होती.

4. ‘म्हणे’ गळून पडतं तिथं

आता थोडी अवघड जागा. व्हेराची गोष्ट संपते आणि मिसेस सॅपल्टन येतात, तेव्हा लेखक अवतरणचिन्हं न घालता सांगतो की फ्रॅम्टननं भेटीला असा शोकाचा दिवस निवडला, हा दुर्दैवी योगायोगच होता. इथं कोण बोलतंय?

वाक्य लेखकाच्या जागी आहे, पण विचार फ्रॅम्टनचा आहे. मराठीत आपण हे सहज करतो. “बाबांनी फोन ठेवला. आता काही खरं नव्हतं.” दुसरं वाक्य बाबांच्या मनातलं आहे, पण ‘असं त्यांना वाटलं’ हे आपण गाळलं. साकी तेच करतो. व्हेराच्या तोंडून निघालेली गोष्ट फ्रॅम्टनच्या मनात शिरते, आणि तिथून ती लेखकाच्या आवाजात, ‘म्हणे’शिवाय बाहेर येते. वाचक फसतो तो बरोबर या टप्प्यावर.

आणखी एक जागा याहून बारीक आहे. शेवटच्या क्षणी व्हेराच्या डोळ्यांत भीती होती असं लेखक सरळ सांगतो. ‘वाटली’ म्हणत नाही, ‘होती’ म्हणतो. मग लेखक खोटं बोलला का? यावर वर्गात भांडण होऊ द्यावं. माझं मत असं की डोळ्यांत जे दिसलं ते लेखकानं सांगितलं. ती भीती नाटकातली होती, एवढंच सांगितलं नाही. नटाच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा पाणी खरंच असतं. पण कोणी म्हणालं की लेखकानं इथं जराशी लबाडी केली, तर त्याचंही म्हणणं वाक्य दाखवून सिद्ध होण्यासारखं आहे, आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत.

लेखकानं प्रामाणिकपणे टाकलेली खूणही आहे. फ्रॅम्टन बसल्या बसल्या विचार करत असतो की या बाई सधवा असतील की विधवा, आणि त्या खोलीत पुरुषांचा वावर असल्यासारखं त्याला काहीतरी जाणवतं. ही ओळ व्हेराच्या गोष्टीच्या आधी येते. पहिल्या वाचनात ती नजरेतून निसटते. दुसऱ्या वाचनात मुलं बाकावर उडतात.

5. याला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणायचं का?

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 साली ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या पुस्तकात मांडली. निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. तो सांगतो ते आणि कथा आपल्याला दाखवते ते, यांत फट पडली की तो अविश्वसनीय. ही फट खोटेपणामुळेच पडते असं नाही. लहान मूल, भाबडा माणूस, भ्रमात असलेला माणूस प्रामाणिकपणे चुकीचं सांगू शकतो.

या काटेकोर अर्थानं व्हेरा पूर्ण निवेदक नाही. कथा ती सांगत नाही, लेखक सांगतो. ती कथेच्या आत एक गोष्ट सांगते. नवख्या वाचकासाठी हीच सोय आहे, कारण शेवटी लेखक येऊन निकाल देतो. पोहायला शिकताना पाय टेकतील अशी ही विहीर आहे.

खोल पाणी पाहायचं तर एडगर अॅलन पो याची ‘द टेल-टेल हार्ट’, 1843 सालची. तिथं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच माणूस ‘मी’ म्हणून बोलतो. आपण वेडे नाही हे तो पुन्हा पुन्हा पटवतो, आणि त्याच दमात एका म्हाताऱ्याचा खून आपण किती काळजीपूर्वक केला ते सांगतो. प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली आहे, पोलीस खोलीत बसले आहेत, आणि त्याला मेलेल्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात.

इथं ‘म्हणे’ची चाचणी अडते. प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ बसतो, कारण सगळंच एका तोंडचं आहे. मग दुसरं हत्यार काढायचं. सांगणारा इतरांच्या वागण्याबद्दल नकळत काय सांगून जातो, ते पाहायचं. पोलीस निवांत गप्पा मारत आहेत, असं तोच सांगतो. ठोके खरेच मोठे होत असते तर त्यांनाही ऐकू आले असते. फट त्याच्याच शब्दांत सापडते.

6. प्रश्न कोणत्या क्रमानं

या कथेवर प्रश्नपत्रिका काढताना नेहमीची चूक म्हणजे धड्याच्या वरच ‘अविश्वसनीय निवेदक’ असं शीर्षक देणं. मग कलाटणी पहिल्याच मिनिटाला मरते. त्याऐवजी दोन ठिकाणी वाचन थांबवावं.

पहिला थांबा व्हेराची गोष्ट संपते तिथं. विचारायचं, “आतापर्यंत आपण काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं?” कोणीही उत्तरावर शिक्का मारायचा नाही, नुसते दोन रकाने भरायचे. दुसरा थांबा तीन आकृती हिरवळीवर दिसतात तिथं. “हे कोण आहेत? तुमच्या उत्तराला कथेतला कोणता पुरावा आहे?” बहुतेक मुलं भुतं म्हणतात. एखाद-दुसरं म्हणतं की भुतं असती तर कुत्रा दमला का असता? त्याला उत्तर द्यायचं नाही. पुढे वाचायचं.

शेवट झाल्यावर प्रश्न लहानाकडून मोठ्याकडे न्यावेत. व्हेरानं सुरुवातीला विचारलेले दोन प्रश्न कोणते, आणि ते कशासाठी? तिनं बदललेली मुख्य गोष्ट कोणती? मिसेस सॅपल्टन यांचं बोलणं पहिल्या वाचनात वेडसर आणि दुसऱ्या वाचनात अगदी साधं का वाटतं? गंगेची गोष्ट घरच्यांनी का मानली असेल? या शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे एक मुलगा म्हणाला, “गंगेच्या काठी तर घाट असतो, कबर कुठली?” इंग्रजांची कबरस्तानं भारतात होती, त्यामुळे अशक्य काही नाही. पण शंका उत्तम आहे. इंग्लंडमधल्या घरी बसून गंगाकाठची गोष्ट कोण तपासणार, हाच तर व्हेराचा हिशेब आहे. आणि साकी स्वतः 1870 साली ब्रह्मदेशात जन्मलेला. दूरचा प्रदेश इंग्रजी बैठकीच्या खोलीत किती सहज खपतो, याचा त्याला अंदाज असणारच.

एक धोकाही सांगतो. एकदा ही युक्ती कळली की मुलं प्रत्येकावर संशय घेतात. “मिसेस सॅपल्टनसुद्धा खोटं बोलत असतील.” अशा वेळी एकच विचारायचं, तिच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार आहे का? आहे. ती माणसं आत येतात, बोलतात, चिखल दाखवतात, आणि हे लेखक स्वतः सांगतो. मृत्यूला मात्र व्हेराशिवाय एकही साक्षीदार नाही.

7. हाताखालून घालायला एक गोष्ट

वर्गासाठी मी सोप्या इंग्रजीत एक छोटी गोष्ट लिहिली होती. तिचा मजकूर असा:

“मी डब्याला हात लावला नाही. आजीनं लाडू मामासाठी केले होते, आणि मला लाडू आवडतही नाहीत. दुपारी सगळे झोपले होते. मी अभ्यास करत होतो. डबा वरच्या फळीवर होता, साखरेच्या बरणीच्या मागे. तिथं माझा हात पोचत नाही, आणि स्टूल तर फार आवाज करतं. चार वाजता आजी उठली. ‘डबा हलका कसा?’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘मांजर आलं असेल.’ मांजरानं झाकण परत नीट लावलं, एवढं मात्र चांगलं केलं. या वेळी बेदाणे जरा कमीच होते.”

इथं निकाल द्यायला लेखक येत नाही. मुलांना तीनच प्रश्न दिले. कोणीही विचारलं नसताना सांगितलेलं वाक्य कोणतं? ज्यानं केलं त्यालाच माहीत असेल असं वाक्य कोणतं? आणि पहिल्या वाक्याला खोटं पाडणारं वाक्य कोणतं?

पहिल्याला बहुतेकांनी लाडू आवडत नसल्याचं वाक्य दिलं. दुसऱ्याला स्टुलाचा आवाज. तिसऱ्याला सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, बेदाणे. मग मागच्या बाकावरून तोच दबका आवाज आला, पण या वेळी प्रश्न वेगळा होता. “सर, त्यानं किती खाल्ले?”

मी सांगितलं, ते गोष्टीत नाही. तो थोडा वेळ वहीत बघत राहिला आणि म्हणाला, “दोन तरी. एका लाडवात बेदाणे कमी निघाले तर कोणी ‘या वेळी’ म्हणत नाही.”